आठचा केक, दोनचा चहा आणि एकच पोशाख

कॉलेजच्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर वाढदिवसाचा निरोप येतो तो एका ओळीचा: शुक्रवारी आठ वाजता, अमुक हॉटेल. त्या ओळीत फक्त जेवणाची वेळ असते. जेवण साडेदहाला आटोपतं, बिलाचे वाटे करण्यात अर्धा तास जातो, मग कोणाला तरी चहा हवा असतो, कोणाच्या तरी फ्लॅटवर गिटार असते आणि पहाटे पोह्यांच्या गाडीपर्यंत जाऊ, असा प्रस्ताव मंजूर होतो. यातलं काहीही आधी ठरलेलं नसतं, पण दर वाढदिवसाला बहुतेक हेच घडतं.

मधे घरी जाऊन कपडे बदलायची सोय नसते. हॉस्टेलवर राहणारी मुलगी एकदा आत गेली की पुन्हा बाहेर पडू शकत नाही आणि घरी राहणारीला दारातच ‘आता परत कुठे?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. त्यामुळे सात वाजता अंगावर चढवलेला पोशाख रात्री दोनपर्यंत, क्वचित त्याहूनही उशिरापर्यंत निभावायचा असतो. बहुतेकजणी तो निवडतात केक कापतानाच्या फोटोचा विचार करून. फोटोला दहा मिनिटं लागतात, उरलेले सहा-सात तास त्याच कपड्यांत काढायचे असतात.

उदाहरणासाठी पुण्यातला डिसेंबर घेऊ. तिसऱ्या वर्षाला असलेली, कोथरूडला राहणारी आणि गिअर नसलेली स्कूटर चालवणारी एक मुलगी समजा. जेवण कोरेगाव पार्कात, म्हणजे दहा-बारा किलोमीटरवर. तिच्या रात्रीचे चार टप्पे होतात. पहिला स्कूटरवरचा: हेल्मेट, धूळ आणि समोरून येणारा वारा. दुसरा हॉटेलातला: एसी, खुर्ची, दाल आणि पनीर, केकवरचं क्रीम आणि फ्लॅश मारून काढलेले फोटो. तिसरा रस्त्यावरचा: चहाच्या टपरीपाशी उभं राहणं, स्टँडवर लावलेल्या गाडीवर किंवा फुटपाथच्या कडेला टेकणं. चौथा कोणाच्या तरी घरचा किंवा गच्चीवरचा, जिथे जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि पाय बाहेर काढून ठेवायचे. आणि शेवटी पुन्हा स्कूटर. पुण्यात डिसेंबरात दुपारी तिशीच्या आसपास असलेला पारा पहाटेपर्यंत बारा-तेरापर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. सातला निघताना स्वेटर हास्यास्पद वाटतो आणि दोनला परतताना दात वाजतात.

म्हणून पोशाख शेवटून सुरुवातीकडे ठरवावा. आधी परतीची स्कूटर, मग जमिनीवरची बैठक, मग टपरी आणि सगळ्यात शेवटी हॉटेल. हॉटेलला शोभेल असं काहीतरी वरून चढवता येतं, पण घट्ट पेन्सिल स्कर्टमध्ये मांडी घालता येत नाही, त्यावर वरून काहीच उपाय नसतो.

संध्याकाळपासून रात्रीपर्यंत एकच कपडा चालावा, ही मागणी शंभर वर्षं जुनी आहे. युरोप-अमेरिकेतल्या सधन घरांत दिवसाचे आणि संध्याकाळचे कपडे वेगळे असत. जेवणाआधी कपडे बदलणं हा शिष्टाचाराचा भाग होता. पहिल्या महायुद्धानंतर बायका कामाला बाहेर पडू लागल्या, तेव्हा ते जमेनासं झालं. ऑक्टोबर 1926मध्ये अमेरिकेतल्या ‘व्होग’ मासिकाने कोको शनेलच्या एका साध्या, काळ्या, लांब बाह्यांच्या ड्रेसचं चित्र छापलं आणि त्याची तुलना फोर्डच्या मोटारीशी केली. अर्थ असा की हा सगळ्यांना परवडेल, सगळ्यांना शोभेल आणि कुठेही चालेल. पुढे 1974मध्ये डायान फॉन फर्स्टेनबर्ग हिने पुढून गुंडाळून कमरेला बांधायचा रॅप ड्रेस आणला. ऑफिसात घातलेला तोच ड्रेस रात्रीच्या जेवणालाही चालू लागला. या दोन्ही ड्रेसांच्या कटबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, पण निभावून नेलं ते कापडाने. शनेलचा ड्रेस क्रेपचा होता आणि फर्स्टेनबर्गचा जर्सीचा, म्हणजे टी-शर्टसारख्या विणलेल्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा. दोन्ही कापडं बसून उठल्यावर चुरगळलेली दिसत नाहीत.

क्रेप का चुरगळत नाही, हे समजून घेण्याजोगं आहे. त्याच्या धाग्याला विणण्याआधी प्रचंड पीळ दिलेला असतो, शिवाय काही धाग्यांना उजवा तर काहींना डावा. कापड विणून झाल्यावर ओलं केलं की हे पीळ सुटायला बघतात, एकमेकांना ओढतात आणि कापडाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो. त्या खडबडीतपणावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो, त्यामुळे एखादी सुरकुती पडली तरी तिची रेघ उठून दिसत नाही. जॉर्जेट याच कुळातलं, पण जास्त पातळ. सॅटिनचं नेमकं उलट. सॅटिन हा धाग्याचा प्रकार नाही, तो विणीचा प्रकार आहे. त्यात एक धागा चार किंवा अधिक धाग्यांवरून मोकळा जातो आणि मग एकाखाली अडकतो. त्या लांब मोकळ्या धाग्यांवरून उजेड सरळ परततो, म्हणून सॅटिन चमकतं. आणि म्हणूनच प्रत्येक चुणी, पाण्याचा प्रत्येक थेंब त्यावर दिसतो आणि हातातल्या ऑक्सिडाइज्ड बांगडीचं टोक लागलं की धागा ओढला जातो. दुकानाच्या आरशात सॅटिनचा स्लिप ड्रेस सुंदर दिसतो. फुटपाथच्या कडेला दहा मिनिटं बसून उठल्यावर मागून काय दिसतं, हे मात्र दुकानात कळत नाही.

लिननचं दुःख सर्वांना माहीत आहे: घरून हॉटेलपर्यंतच्या स्कूटरप्रवासातच मांडीवर आणि कोपरात घड्या पडतात. मखमलीवर बसलं की तिची लव दबते आणि मागे चमकदार डाग दिसतो. टिकल्यांचं कापड काखेखाली घासतं आणि मैत्रिणीला मिठी मारली की तिच्या ओढणीत अडकतं. शिवाय त्यावर जाकीट चढवणं म्हणजे जाकिटाच्या अस्तराचा सत्यानाश.

कापडाची पारख करायला दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहायची गरज नाही. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरून दहापर्यंत मोजावं आणि सोडावं. घड्या लगेच विरल्या तर ते रात्र काढेल, तशाच राहिल्या तर घरी ठेवावं. दुसरी चाचणी मोबाइलच्या टॉर्चची. कापडाचा एकच थर हातावर ठेवून समोरून टॉर्च मारावा. दुकानातल्या मंद पिवळ्या उजेडात गडद दिसणारं काळं कापड फ्लॅशच्या झोतात आरपार दिसू शकतं आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आल्यावर. टॉर्चखाली हाताच्या रेषा दिसल्या तर अस्तर लावून घ्यावं.

आता त्या कोथरूडच्या मुलीचा पोशाख ठरवू. खाली गडद रंगाची, कमरेला नीट बसणारी, पायाशी सैल क्रेपची पॅन्ट. काळी चालेल, पण बाटली हिरवी किंवा जांभळट वाइन रंग रात्री जास्त खुलतो. वर सुती किंवा मोडालचा साधा, बिनबाह्यांचा किंवा आखूड बाह्यांचा काळा टॉप. त्यावर खणाचं जाकीट. जेवणाला शोभा आणायची ती सगळी या जाकिटाने. ते काढलं की खाली जमिनीवर लोळण्याइतका साधा पोशाख उरतो.

खण घ्यायचं कारण केवळ मराठीपण नव्हे. उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावाचा खण पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रात चोळीसाठी येत आला. आईच्या आणि आजीच्या ओटीत पडलेले खण अजूनही पुष्कळ घरांत कपाटाच्या तळाशी घडी करून ठेवलेले असतात. त्याची बारीक नक्षी विणीतच असते, वरून छापलेली किंवा चिकटवलेली नसते. त्यामुळे ती सुटत नाही, टोचत नाही, घासून निघत नाही. हॉटेलच्या दिव्याखाली ती मंद चमकते आणि टपरीवर कोणाला ‘एवढं नटून कुठे?’ असं विचारावंसं वाटत नाही. नक्षीदार असल्यामुळे त्यावर पडलेला लहानसा डागही चटकन नजरेत भरत नाही. एका खणात चोळी होते, जाकीट होत नाही. जाकिटासाठी मीटरवर मिळणारं खणाचं कापड घ्यावं लागतं. ते पुण्यात लक्ष्मी रोडवर आणि तुळशीबागेच्या परिसरात मिळतं. घरात एकाच रंगाचे खण असतील तर पाठ आणि पुढचे भाग वेगवेगळ्या खणांतून काढून, बाह्या साध्या कापडाच्या ठेवूनही शिंपी काम भागवतो.

बाजारात खण म्हणून मिळणारं पुष्कळसं कापड यंत्रमागावरचं आणि पॉलिएस्टरचं असतं. ते वाईट असतं असं नाही, पण त्यात घाम येतो आणि किंमत मात्र कधी कधी हातमागाची सांगतात. ओळखायचं असेल तर कडेचा एक धागा काढावा, चिमट्यात धरून जाळावा. सूत जळालं की जळक्या कागदाचा वास येतो आणि राख उरते. रेशीम जळालं की जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर जळण्याआधी वितळतं, आकसतं आणि टोकाशी कडक काळा मणी तयार होतो. उभा आणि आडवा, दोन्ही धागे वेगवेगळे जाळून पाहावेत, कारण मिश्र कापडात ते वेगळे असतात.

खण आवडत नसेल तर दुसरं नाव मशरूचं. हे गुजरातचं कापड. त्यात उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. वीण सॅटिनची असल्याने रेशीम वर दिसतं आणि अंगाला सूत लागतं. बाहेरून थाट आणि आतून घाम टिपणारं, असं हे कापड रात्रभराच्या कार्यक्रमासाठीच बनवल्यासारखं आहे. मात्र वीण सॅटिनची असल्यामुळे टोकदार दागिन्यांपासून त्यालाही जपावं लागतं.

पॅन्ट विकत घेतली तरी चालते, पण शिवून घेण्यात दोन फायदे आहेत. पहिला खिशांचा. बायकांच्या तयार पॅन्टचे खिसे बहुधा बोटं जेमतेम बुडतील एवढेच असतात. शिंप्याकडे दोन्ही बाजूंना मोबाइल पूर्ण मावेल असे खोल खिसे मागता येतात आणि खिसा खाली लोंबू नये म्हणून तो कमरपट्टीत अडकवून घेता येतो. दुसरा फायदा लांबीचा. माप द्यायला जाताना त्या रात्री घालायच्या चपला किंवा बूट घालूनच जावं आणि तळ जमिनीपासून बोट-दीड बोट वर ठेवायला सांगावं. जमिनीवर लोळणारी सैल पॅन्ट दिसते छान, पण फुटपाथवरचा चिखल पिऊन ती रात्री अकराला पोटरीपर्यंत ओली झालेली असते. सर्वसाधारण उंचीच्या मुलीला 44 इंच पन्ह्याचं सव्वादोन ते अडीच मीटर कापड पुरतं. क्रेप व्हिस्कोसचं असेल तर ते शिवण्याआधी पाण्यातून काढलंच पाहिजे. व्हिस्कोस आटतं आणि पहिल्या धुण्यात पॅन्ट घोट्याच्या वर गेली तर शिंप्याला बोल लावून उपयोग नसतो.

पॉलिएस्टर क्रेप आटत नाही, स्वस्त पडतं आणि इस्त्रीशिवाय चालतं. डिसेंबरच्या पुण्यात ते निभावतं. मुंबईत किंवा गोव्यात मे महिन्यात निभावणार नाही. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे दमट हवेत घाम कापडात न जाता अंगावरच राहतो. अंगाचं तेल मात्र ते धरून ठेवतं आणि वासही. तिथे पातळ सुती किंवा व्हिस्कोसची पॅन्ट आणि जाकिटाऐवजी एखादा मऊ मलमलचा मोकळा शर्ट बरा. रंग निवडतानाही घामाचा विचार करावा: राखाडी आणि आकाशी यांसारख्या मधल्या छटांवर काखेतला ओलावा लांबून दिसतो. काळ्यावर, पांढऱ्यावर आणि नक्षीवर तो लपतो.

पॉलिएस्टरचा आणखी एक धोका बाइकवर मागे बसणाऱ्यांसाठी आहे. मोटरसायकलचा सायलेन्सर साधारण उजव्या बाजूला, पोटरीच्या जवळ असतो आणि अर्धा तास गाडी चालल्यावर तो चांगलाच तापलेला असतो. त्याला सुती पॅन्ट टेकली तर ती करपते. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटू शकतं. सैल पॅन्ट घालून बाइकवर मागे बसायचं असेल तर दोन्ही पायांशी रबरबँड लावावा. ते रुबाबदार दिसत नाही, पण रात्रीच्या रस्त्यावर कोण बघतंय!

ओढणीबद्दल स्पष्टच सांगायला हवं: दुचाकीवर ती नकोच, निदान मोकळी तरी नको. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन 1927मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या मोटारीतून जाताना गळ्यातला लांब स्कार्फ चाकात गुंतून गेली. आपल्याकडे ओढणी आणि पदर चाकात अडकून होणाऱ्या अपघातांच्या बातम्या दरवर्षी येतात. ज्यांना कुर्ता आणि ओढणीच हवी असेल त्यांनी ओढणी डिकीत ठेवावी आणि हॉटेलच्या दारात घ्यावी.

तीच डिकी थंडीचाही प्रश्न सोडवते. खणाचं जाकीट सुती अस्तराचं असलं तरी वारा अडवत नाही. स्कूटरवर थंडी वाजते ती मुख्यतः वाऱ्याने, कारण अंगालगतची ऊबदार हवा तो सारखी उडवून नेतो. अशा वेळी जाड स्वेटरपेक्षा पातळ विंडचीटर कामाला येतो. तो घडी करून मुठीएवढा होतो आणि डिकीत पडून राहतो. जाकिटावरून चढवता यावा म्हणून तो एक माप मोठा घ्यावा. डिकीत सोबत एक जुनं वर्तमानपत्र किंवा सुती पंचा असला की फुटपाथच्या कडेचाही प्रश्न मिटतो.

कपड्यांइतकीच रात्र बिघडवतात ती पादत्राणं. उंच टाचेमुळे शरीराचा भार पुढच्या चवड्यावर येतो आणि टाच जितकी उंच तितका तो वाढतो. जेवताना बसलेलं असल्यामुळे ते कळत नाही. टपरीपाशी वीस मिनिटं उभं राहिल्यावर कळतं. शिवाय सिग्नलला पाय टेकताना बारीक टाच खडीत किंवा गटाराच्या जाळीत अडकते. या रात्रीसाठी दीड-दोन इंचांची, रुंद ठोकळ्यासारखी टाच आणि मागे पट्टा असलेली चप्पल पुरेशी. पट्टा महत्त्वाचा, कारण मागून मोकळी चप्पल पायात धरून ठेवायला बोटं सतत आवळली जातात आणि दुखतात. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून नवीन जोड संध्याकाळी विकत घ्यावा. सकाळी अगदी बरोबर बसलेला जोड रात्री दहाला चावू लागतो.

कोल्हापुरी या पोशाखावर उत्तम दिसते आणि जमिनीवर बसायच्या वेळी एका झटक्यात काढता येते. पण नवी कोरी कोल्हापुरी वाढदिवसाच्या दिवशी पहिल्यांदा घालणं हा स्वतःशी केलेला दगा आहे. चामडं अंगठ्यापाशी आणि पट्ट्याखाली सोलतंच. आठवडाभर आधी आतल्या बाजूने एरंडेल किंवा खोबरेल तेलाचा हात फिरवून रोज थोडा वेळ घरात घालावी. खरी चामड्याच्या तळाची कोल्हापुरी हॉटेलच्या गुळगुळीत फरशीवर घसरते आणि पाण्याने फुगते. चांभाराकडून तळाला पातळ रबर मारून घेतलं की दोन्ही प्रश्न मिटतात.

हेल्मेटमुळे केस आणि कान यांचा वेगळा हिशोब करावा लागतो. वर बांधलेला अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही आणि मोकळे केस बारा किलोमीटरांत जटा होतात. मानेपाशी सैल वेणी घालावी. हॉटेलात पोचल्यावर ती सोडली की केसांना आपोआप लाटा आलेल्या असतात. झुमके हेल्मेट घालता-काढताना कानाची पाळी ओरबाडतात, तेव्हा ते छोट्या डबीत घालून न्यावेत आणि पोचल्यावर घालावेत. परतताना पुन्हा डबीत. ते गच्चीवर किंवा फ्लॅटवर हमखास हरवतात ते डबी नसल्यामुळेच.

आता डाग. केक तोंडाला फासण्याची प्रथा अजून गेलेली नाही. क्रीम म्हणजे प्रामुख्याने तेल-तूप, त्यामुळे त्यावर पाणी चोळलं की ते पसरतं आणि कापडात मुरतं. आधी चमच्याच्या कडेने ते उचलावं, मग कोरड्या टिश्यूने टिपावं, घासू नये. हॉटेलच्या वॉशरूममध्ये टाल्कम पावडर मिळाली तर वरून थापून पंधरा मिनिटांनी झटकावी, बरंचसं तेल ती ओढून घेते. दाल किंवा पनीरच्या रश्श्याचा डाग पडला तर वॉशरूममधल्या साबणाला हात लावू नये. साबण लागताच हळदीचा पिवळा डाग लालभडक होतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. हळदीतल्या रंगद्रव्याचा रंग अल्कलीत बदलतो, त्याचा हा परिणाम. रात्री फक्त साध्या पाण्याने टिपून सोडून द्यावं. दुसऱ्या दिवशी धुऊन ओलंच कडक उन्हात टाकलं की तो डाग फिका पडत जातो, कारण ते रंगद्रव्य उन्हात टिकत नाही. काळा टॉप निवडण्याचं हेही एक कारण. पांढरा शर्ट घालून पंजाबी जेवणाला बसणाऱ्याचं धैर्य वेगळंच.

मुलांचं याहून सोपं, असं मुलांना वाटतं. पण रात्री बारानंतर सर्वात चुरगळलेला माणूस बहुधा पातळ पॉपलिनच्या शर्टातलाच असतो. त्याऐवजी जरा जाड विणीचा ऑक्सफर्ड किंवा ट्विलचा गडद शर्ट आत टी-शर्ट घालून वापरावा. हॉटेलात बटणं लावलेली, गच्चीवर उघडी, आणि शर्टच जाकिटाचं काम करतो. गडद जीन्स साऱ्या रात्रीला पुरते. मोज्यांशिवाय घातलेले लोफर मात्र कोणाच्या घरी काढायची वेळ आली की यजमानांची परीक्षा पाहतात. बुटात न दिसणारे आखूड मोजे मिळतात, ते वापरावेत.

सोबतची पिशवी खांद्यावरून तिरकी अडकणारी आणि लहान. त्यात झुमक्यांची डबी, चार्जर, दोन सेफ्टी पिना, एक बँडेजची पट्टी आणि टिश्यू. मोठी पिशवी नेली की ती इतरांच्या सामानाने भरते आणि तिला रात्रभर सांभाळणारी आपण होतो.

पोशाख ठरला तरी एक काम वाढदिवसाच्या आदल्या दिवशी करायचं राहतं. सगळं अंगावर चढवून, चपला आणि हेल्मेटसकट, घरात पाच मिनिटं मांडी घालून बसा. मग दोन्ही हात वर करून टॉप किती वर सरकतो ते बघा आणि स्कूटरवरून गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारा. काही टोचलं, सरकलं किंवा चाकाकडे उडालं तर ते तिथेच कळेल आणि बदलायला कपाट हाताशी असेल.